मदत हवी आहे: व्याजाच्या दाखल्याची दुसरी प्रत मागताना पत्रात काय लिहावं?

मास्तर ७४
नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त आहे. २०२४-२५ चं रिटर्न भरायचंय. बँकेने मे महिन्यात दिलेला व्याजाचा दाखला घराच्या रंगकामात कुठे गेला देव जाणे. शाखेत साधा अर्ज दिला, 'सर्टिफिकेटची डुप्लिकेट प्रत मिळावी.' काउंटरवरच्या मुलीने बघितलं आणि म्हणाली, "काका, तुमचा टीडीएस कापलेलाच नाही, सर्टिफिकेट निघणार नाही." आता कापणार कसा, एप्रिलमध्येच १५एच भरून दिला होता मी!

शेवटी पासबुक घेऊन बेरीज करायला बसलो. एक तीन वर्षांची एफडी नोव्हेंबरात पिकली, तीन लाखांचे ३,५८,६८५ झाले आणि तीच रक्कम पुन्हा ठेवली. हे ५८,६८५ सगळे या वर्षाचेच धरायचे ना? पेन्शन महिना ४४,०००, जुन्या पद्धतीने भरतो.

हेमंत
काका, बँकेच्या चकरा कशाला? आयकराच्या पोर्टलवर एआयएस उघडा, त्यात व्याजाचा आकडा आयता असतो. तोच टाका, तोच अंतिम.

माई
आमच्या पोस्टात तर ह्यांच्या नावाचं खातं माझ्या नावावर करायलाच तीन महिने लागले. मृत्यूचा दाखला दोनदा मागितला. तुम्ही वारसाचं पत्र जोडलंत का?

मास्तर ७४
माई, खातं माझंच आहे, मी अजून आहे! 😀

जुना कॅशियर
मास्तर, त्या मुलीने तुमचा अर्ज १६ए साठीचा समजला. १६ए म्हणजे कापलेल्या टीडीएसचा दाखला. कापलाच नाही तर तो निघत नाही, ते बरोबर. पण तुम्हाला हवाय व्याजाचा दाखला. त्याचा टीडीएसशी संबंध नाही, तो १५एच वाल्यालाही मिळतो. नुसतं 'सर्टिफिकेट' लिहिलंत तिथे घोळ झाला.

पासबुकावर मात्र जाऊ नका. कम्युलेटिव्ह एफडीचं व्याज बँक दर वर्षी जमा धरते, पासबुकात ते शेवटी एकदमच दिसतं. तुमच्या ५८,६८५ पैकी एप्रिल ते नोव्हेंबरचे साधारण १२,८००, बाकीचे आधीच्या वर्षांचे. दुसऱ्या ठेवी किती आहेत?

मास्तर ७४
पाच लाखांची एक, तिचे तिमाही मिळून वर्षाला ३५,०००. बचत खात्यावर २,१४०. आणि नोव्हेंबरात पुन्हा ठेवलेली, ७ टक्क्यांनी.

जुना कॅशियर
तिचे मार्चअखेर साधारण ९,७००. म्हणजे सगळं मिळून ५९,६०० च्या आसपास. पेन्शनमधून ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि व्याजावर ८०टीटीबीचे ५०,००० गेले की करपात्र ४ लाख ८८ हजारांच्या आत, कर शून्य. पासबुकाप्रमाणे ५८,६८५ सगळे धरलेत तर ५ लाख ३३ हजार होतात, रिबेट जातो आणि सेससकट १७,४०० च्या घरात कर बसतो. नसलेल्या व्याजाचा नव्हे, पण आधीच्या वर्षांच्या व्याजाचा.

पत्र असं लिहा:

'माननीय शाखा व्यवस्थापक, माझा ग्राहक क्रमांक अमुक, पॅन अमुक. दि. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात माझ्या सर्व बचत व मुदत ठेव खात्यांवर दिलेल्या तसेच जमा धरलेल्या व्याजाचा दाखला मिळावा. या काळात मुदत संपून बंद झालेल्या ठेवीही त्यात धराव्यात. मूळ दाखला गहाळ झाला आहे. मला १६ए नको, व्याजाचा दाखला हवा आहे.'

बंद ठेवींचं वाक्य गाळू नका. मी काउंटरवर असताना फक्त चालू ठेवींची यादी काढून देणारे पाहिलेत, त्यात तुमचे १२,८०० गळतील. पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या.

हेमंत, एआयएस जुळवून बघायला चांगलं, पण अंतिम नव्हे. चुकीची नोंद असेल तर तिथेच अभिप्राय देता येतो, म्हणजे चुका होतात हे खात्यालाही माहीत आहे. संयुक्त ठेवीत तर सगळं व्याज पहिल्या नावावर दिसतं, पैसे कोणाचेही असोत.

शर्वरी
एक सांगू? काकांनी नवी करप्रणाली घेतली तर ८०टीटीबी मिळणार नाही, पण २०२४-२५ ला ७ लाखांपर्यंत कर नाही आणि प्रमाणित वजावट ७५,०००. म्हणजे दोन्ही आकड्यांत शून्यच. जुनी पद्धत मात्र मुदतीत भरलं तरच निवडता येते हं.

जुना कॅशियर
खरं आहे. तरी व्याजाचा आकडा बरोबर लागतोच, एआयएसशी जुळला नाही तर विचारणा येऊ शकते.

मास्तर ७४
पण आधीच्या तीन आर्थिक वर्षांत या एफडीचं व्याज मी दाखवलं होतं का? मला वाटतं नव्हतं, पासबुकात दिसलंच नव्हतं ना.

जुना कॅशियर
मग प्रकरण वेगळं. व्याज हाती आल्यावरच दाखवायची पद्धत दर वर्षी पाळली असेल तर ५८,६८५ या वर्षी धरण्याला आधार आहे. पण पाच लाखांच्या ठेवीचं आणि या ठेवीचं एकाच पद्धतीने दाखवलंय का, ते जुनी रिटर्नं काढल्याशिवाय कळणार नाही. भरण्याआधी ती एखाद्या सीएला दाखवा.

मास्तर ७४
रिटर्नं ट्रंकेत आहेत, ट्रंक पलंगाखाली. सोमवारी आधी पत्र देऊन येतो.