मुलगी म्हणते, ‘मला चटणीचा हेवा वाटतो’

मीठभाकर:
मुलगी साडेचार वर्षांची, धाकटा तीन महिन्यांचा. पतंगाची एक गोष्ट सांगून तिला ‘हेवा’ शब्द शिकवला. आता शेंगाचटणी दिसली की म्हणते, “मला चटणीचा हेवा वाटतो.” धीट, न्याय, हेवा असले शब्द या वयात गोष्टींतून येतात का? की थांबावं?

जुळेसोलापूरकर:
थांबा कशाला? आपण चिऊ-काऊच्या गोष्टीवर वाढलो, आपल्याला कुणी शब्दार्थ सांगितले होते? गोष्टी भरपूर सांगा, बाकी आपोआप येतं.

बालवाडीताई:
भरपूर सांगा हे बरोबर, आपोआप येतं हे अर्धंच. चिऊ-काऊ सांगितली की दरवर्षी एखादं पोर विचारतं, “चिमणी दार का उघडत नाही?” आपल्याला वाटतं कावळ्याची फजिती कळली, आणि पोर तिकडे पावसात भिजणाऱ्याच्या बाजूने उभं असतं.

मीठभाकर, मुलीचं काही चुकलेलं नाही. तुमच्या गोष्टीत एकाकडे पतंग होता आणि दुसऱ्याला तो हवा होता. तिने दिसलं तेवढं उचललं. त्यात ‘हवा’ आणि ‘हेवा’ कानाला जवळचे. एका गोष्टीतून शब्द कुठे लागू होतो ते कळतं, कुठे थांबतो ते कळत नाही. त्यासाठी जोडीला जवळजवळ तसाच, पण हेवा नसलेला प्रसंग लागतो. भूक लागली, लाडू हवा : हा हेवा नाही. माझ्या हातात लाडू आहे, तरी ताईचा मोठा दिसला आणि ताईचाच राग आला : हा हेवा. दोन्ही लाडवांचेच घ्या, म्हणजे फरक एकाच जागी दिसतो.

आणि रडारड चालू असताना शब्द देऊ नका. तेव्हा तो टोमण्यासारखा लागतो. रात्री अंथरुणावर तोच प्रसंग गोष्टीसारखा परत सांगा, शब्द तिथे घाला. चार-पाच दिवसांनी नवीन तीन प्रसंग सांगून विचारा, यातला हेवा कोणता? तिन्हींना ती “हो” म्हणाली तर शब्द अजून ‘हवा’च आहे.

चष्मेवाला_बाप:
प्राण्यांच्या गोष्टी तर बंदच करा. टोरोंटो विद्यापीठाचा 2017 चा अभ्यास आहे, 4 ते 6 वर्षांच्या मुलांवर. वाटून घेण्याची गोष्ट माणसांची असली तर मुलांनी नंतर जास्त स्टिकर दिले, प्राण्यांची असली तर नाही.

बालवाडीताई:
अभ्यास खरा आहे, पण त्यात पाहिलं ते मूल वाटून देतं का, शब्द कळतो का हे नाही. ससा-कासव लगेच हद्दपार करू नका.

गड्डावाली:
माझा अनुभव ‘धीट’चा. पाचव्या वर्षीच्या डोसाला मुलगा रडला नाही, तर सगळ्या घराने “किती धीट!” केलं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसला, हूं की चूं नाही. उतरला आणि ओकला. म्हणाला, “भीती वाटत होती, पण मी धीट आहे ना, म्हणून सांगितलं नाही.” चूक आमचीच. शब्द आम्ही ‘न रडणं’ला चिकटवला होता. आता भीती वाटत असूनही त्याने काही केलं किंवा सरळ सांगितलं, तरच तो शब्द वापरते.

अक्कलकोटरोड:
पण आधी मुलीचा मत्सर घालवायचं बघा. माझ्या पुतणीला बाळाची दुपटी घडी घालायचं काम दिलं, महिन्यात सुतासारखी सरळ.

मीठभाकर:
मत्सर घालवायचं विचारलं नाही हो, शब्दाचं विचारलंय :)

कन्नडमराठी:
आमच्या अज्जीचा शब्द होट्टेकिच्चु, म्हणजे पोटातली आग. मराठीतही ‘पोटात दुखतंय’ म्हणतोच की. मुलांना अंगातलं पटकन कळतं, हेवा-मत्सर कशाला? फक्त एकदा मी भाचीला म्हणालो, “तुझ्या पोटात दुखतंय वाटतं,” तर ती ओवा मागायला गेली.

बालवाडीताई:
हाहा! घरात चालणारा शब्द आधी, हे मला मान्य. ‘न्याय’चंही तसंच. लगोरी खेळणारी पोरं ‘न्याय’ म्हणत नाहीत, ‘चीटिंग’ आणि ‘रडीचा डाव’ म्हणतात. तिथून सुरुवात करावी. पण या वयाला सारखं वाटप म्हणजेच बरोबर वाटतं. बाळाला दूध जास्त का, हे ती लगेच मानणार नाही. आणि ‘बाळ आवडतं, तरी त्याचा राग येतो’ असं दोन्ही एकदम बोलायला बहुतेकांना आणखी काही वर्षं लागतात. तोवर ती नुसतं ‘राग’ म्हणाली तरी चालवून घ्या.

जुळेसोलापूरकर:
एवढा खटाटोप? आमच्या आईला यातलं एकही ठाऊक नव्हतं.

मीठभाकर (आठवड्याने):
तीन प्रसंग विचारले. भूक लागून चटणी मागणं : “नाही.” मैत्रिणीची नवी सायकल बघून तिच्याशी कट्टी : “हो, हेवा.” तिसरा घरचाच, बाळ आईच्या मांडीवर झोपलंय आणि ताई बघतेय. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “हेवा नाही. ती माझीच मांडी आहे.”

ताई, आता याला कोणता शब्द देऊ?