प्रति: नवीन टीव्ही घेताना स्क्रीन तपासणी

>काळ्या स्क्रीनवर काहीच दिसलं नाही, म्हणजे बॅकलाइट ओके ना?

तेवढ्यावरनं सांगता येत नाही. बऱ्याच एलईडी टीव्हीत पूर्ण काळं चित्र आलं की सेट बॅकलाइटच, म्हणजे पडद्यामागचा दिवाच, बंद करून टाकतो, मग त्याच्या गळतीचे पांढरट डाग दिसणार कुठनं. पेनड्राइव्हवर अगदी गडद करड्या रंगाचं चित्र पण ठेवा, आरजीबी १३, १३, १३ चालतंय, आणि सेटिंगमध्ये लोकल डिमिंग, इको मोड बंद करा. खानापूरला भावाकडं टीव्ही आला तो भर दुपारी, डिलिव्हरीवाला सहीसाठी घाई करत होता, तरी खिडकीवर चादर टाकून बघितलं तर डाव्या कोपऱ्यात पांढरट पट्टा. आता असा पट्टा दिसला की जागा बदलून समोरनं, बाजूनं बघायचं, आयपीएस पॅनेलची नुसती चमक असेल तर ती जागेप्रमाणं कमी-जास्त होते, बॅकलाइटची गळती असेल तर हलत नाही. इथं हलला नाही, म्हणून सही करायच्या आधी व्हिडिओ काढला.

पिक्सेल तपासायला पूर्ण पांढरं, लाल, हिरवं, निळं चित्र लावा. एखादा ठिपका सगळ्यांवर काळाच राहिला तर तो पिक्सेल मेलेला, पण आधी मऊ कापडानं पुसा, पुष्कळदा धूळच असते.