प्रतिसाद: गुडघ्यामागची गाठ

"सुईनं पाणी काढलं की गाठ कायमची जाते ना?"

नाही, बहुतेकदा परत भरते. ते पाणी गुडघ्याच्या सांध्यातून येतं. झिजेमुळं, संधिवातामुळं किंवा आतली गादी फाटल्यामुळं सांध्यात जास्तीचं वंगण साचतं आणि पाय वाकवताना मागच्या पिशवीत ढकललं जातं. तिथून ते सहजी माघारी येत नाही. म्हणून इलाज गुडघ्याचा करायचा; त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं.

आमच्या खानापूरच्या मावशीची गाठ ऐन भातलावणीत फुटली. पोटरीत एकदम कळ, मग सूज, कातडी गरम. शेजारी लगेच तेल घेऊन हजर (आपल्याकडं तेलाशिवाय काही हलत नाही). पण पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी असंच दिसतं, हात लावून फरक कळत नाही. बेळगावात डॉपलर सोनोग्राफी केली, शिरा मोकळ्या निघाल्या. पुढं घोट्याखाली निळसर डाग उतरला, तो फुटलेल्या गाठीचा. पोटरी अचानक सुजली तर चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत.