लग्न ठरल्यावर पैसा, नोकरी, मुलं याबद्दल काय बोललात आणि काय बोलायचं राहून गेलं? (अनुभव धागा)

घाटावरची

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, साखरपुडा झाला, लग्न वैशाखात. परवा ती म्हणाली ताई, आम्ही रोज दोन तास बोलतो पण पैशाचा विषय निघाला की दोघं गप्प बसतो. तेव्हा माझं मलाच आठवलं. म्हणून धागा काढतेय. ज्यांची लग्नं झालीयत त्यांनी आपले खरे अनुभव लिहा, ती आणि तिच्यासारखे बाकीचे वाचतील.

सुरुवात माझ्यापासून. आम्ही लग्नाआधीच पुण्यात वाकडला फ्लॅट बघितला. माझा हातात येणारा पगार 62 हजार, ह्याचा 78. दोघांचे मिळून 1 लाख 40 हजार, त्यामुळे 60 लाखाचं कर्ज आरामात पास झालं, साडेआठ टक्के, 20 वर्षं, हप्ता 52 हजार. आम्हाला वाटलं निम्म्याहून जास्त पगार हातात राहतोय मग काय टेन्शन. मुलाबद्दल फक्त एवढंच ठरलं होतं की "दोन वर्षांनी बघू". मूल झाल्यावर कोण घरी थांबणार, किती दिवस, तेव्हा हप्ता कशातून जाणार, हे एकदाही बोललो नाही.

मुलगा झाला, 26 आठवड्यांची पगारी रजा संपली, आणि बाळ बाटली तोंडाला लावेना. सासूबाईंचे गुडघे गेलेले, माझी आई साताऱ्याला. मग मी 8 महिने बिनपगारी घरी होते. ह्याच्या 78 मधून 52 गेले की उरले 26 हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स 3,800, गावी ह्याच्या आईबाबांना 10 हजार, किराणा-लाईट-गॅस 11 हजार. उरले बाराशे रुपये आणि बाळाचे डॉक्टर, डायपर, लसी अजून बाकी. दर महिन्याला 12-13 हजार कमी पडायचे, माझ्या लग्नाआधीच्या एफडी मोडत गेलो. त्या 8 महिन्यांत आमची जी भांडणं झाली ती पैशावरून कमी आणि "तू आधी का नाही बोललास" यावरूनच जास्त झाली. गावी 10 हजार जातात हेसुद्धा मला लग्नानंतर कळलं, ते जायलाच हवेत यात वाद नाही, पण कळायला हवं होतं ना.

नाशिककर

मी 14 वर्षं होम लोनच्या टेबलावर आहे म्हणून लिहितो. बँक दोघांचे पगार जोडते, चालू हप्ते वजा करते आणि साधारण निम्म्यापर्यंत हप्ता बसवते. तुम्हाला मूल कधी हवंय हे आम्ही विचारत नाही आणि विचारूही नये. त्यामुळे बँकेने 60 लाख मंजूर केले म्हणजे ते तुम्हाला झेपतात असा अर्थ होत नाही, दोघांचेही पगार असेच चालू राहिले तर झेपतात एवढंच.

माझ्याकडे लग्न ठरलेली जोडपी येतात त्यांना मी एक गोष्ट करून बघायला सांगतो. दोघांपैकी ज्याचा पगार मूल झाल्यावर थांबू शकतो त्याचा पूर्ण पगार सहा महिने आरडीत टाका आणि दुसऱ्याच्या एकट्याच्या पगारात भाडं, घरखर्च, गावी पाठवायचे पैसे, आणि जो हप्ता घ्यायचा विचार आहे ती रक्कम बाजूला काढणं, हे सगळं बसतं का बघा. तिसऱ्या महिन्यातच कळतं. आणि त्यात एकमेकांचे लपलेले खर्चही बाहेर येतात, कुणाचं मोबाईलचं ईएमआय, कुणी मावसभावाला जामीन राहिलेला. जामीन राहिलेलं कर्ज सिबिलमध्ये दिसतं आणि मोठं असेल तर तुमची होम लोनची पात्रता खाली येते.

तुमचंच उदाहरण घेऊ. 40 लाख घेतले असते तर त्याच व्याजाने हप्ता 34,700 च्या आसपास. एका पगारात ओढाताण झाली असती पण एफडी मोडायला लागली नसती. आणि दोघं कमावत असताना तुम्ही 52 हजारच भरले असते, तर वरचे पैसे मुद्दलात जाऊन ते कर्ज साधारण सव्वानऊ वर्षांत संपलं असतं. फ्लोटिंग व्याजाच्या घरकर्जाला जादा पैसे भरल्याबद्दल दंड लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मुक्काम_मोशी

सर सगळं पटलं पण 40 लाखात पुण्यात येतं काय सांगा. वन बीएचके, तोही लांब. मग रोज दोन तास प्रवासात, आणि बाळ झाल्यावर तेच दोन तास महाग पडतात. आम्ही भाड्याने राहायचं ठरवलं, घरच्यांना अजून पटलेलं नाही, दर दिवाळीला तोच विषय.

एक मात्र नक्की सांगतो, बायकोचं नाव लावलं की स्टॅम्प ड्युटी 1 टक्का कमी होते, त्यामुळे घर घेणार असाल तर दोघांच्या नावावर घ्या.

नाशिककर

तसं नाही दादा. महाराष्ट्रात ती 1 टक्का सवलत घर फक्त बाईच्या नावावर, किंवा सगळे खरेदीदार महिलाच असतील तेव्हा. नवऱ्याचं नाव बरोबर आलं की सवलत गेली. दोघांच्या नावावर घ्या हे बरोबरच आहे, पण त्याची कारणं वेगळी.

कोकणकन्या७

ती कारणं मी सांगते कारण मी त्यातून गेलेय. माझ्या नवऱ्याने साखरपुड्याच्या आधी फ्लॅट बुक केला होता, ॲग्रीमेंट त्याच्या आणि सासूबाईंच्या नावावर. लग्नानंतर कर्ज वाढवून घ्यायचं होतं म्हणून बँकेत माझी सही घेतली, मी आनंदाने केली, आपलंच घर म्हणून. पाच वर्षं माझ्या पगारातून 20 हजार जात होते. मग आम्ही वेगळे झालो. तेव्हा वकिलांनी इंडेक्स टू काढला आणि दाखवलं, घरावर माझं नाव कुठेच नाही, कर्जावर मात्र आहे. म्हणजे त्याने हप्ता चुकवला तर बँक पूर्ण कर्जासाठी माझ्या दारात येऊ शकत होती आणि माझं सिबिल खराब होत होतं. हप्त्यातून टॅक्सची वजावटही मला कधी मिळाली नव्हती, कारण ती मालकाला मिळते. मी पाच वर्षांचे बँक स्टेटमेंट घेऊन कोर्टात उभी राहिले. केस चालू आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

लग्न ठरलेल्या मुलींना एवढंच, कर्जाच्या कागदावर सही करायच्या आधी विचारा की ॲग्रीमेंटवर माझं नाव आहे का. प्रेमाने विचारा पण विचारा.

सौ_जोशीकाकू

आमच्या मुलाचं लग्न मार्चमध्ये आहे. सांगलीला हॉल, जेवण धरून माणशी किती येतं कुणी सांगेल का? मुलीकडचे अर्धा खर्च म्हणतायत.

घाटावरची

काकू, खर्चाचा धागा वेगळा काढूया का? पण अर्धा-अर्धा खर्च मुलामुलीनेच ठरवलाय की घरच्यांनी, ते एकदा विचारून बघा, कारण लग्नाचं कर्ज बहुतेक वेळा त्या दोघांच्याच पगारातून फिटतं.

शाळेतली_बाई

माझं नोकरीचं. मी जिल्हा परिषद शाळेत, पालघर जिल्ह्यात. नवरा सांगलीला खाजगी कारखान्यात. लग्न जमवताना मध्यस्थ म्हणाले, पती-पत्नी एकत्रीकरणातून बदली होईल, दोन वर्षांत सांगलीला याल. कुणी नियम वाचला नाही, मीसुद्धा नाही. नंतर कळलं की त्यासाठी दुसरी व्यक्तीही सरकारी किंवा तशा मान्य आस्थापनेत लागते, खाजगी नोकरी त्यात बसत नाही. सहा वर्षं झाली. मुलगी चार वर्षांची, माझ्याकडे असते, बाबा महिन्यातून दोनदा येतो. त्याने नोकरी सोडावी का मी, हा प्रश्न आम्ही लग्नाआधी एकमेकांना विचारला असता तर उत्तर सापडलं असतं असं नाही, पण निदान दोघांनाही अंदाज असता की कुणाला तरी सोडावं लागणार आहे.

वऱ्हाडी_माणूस

नागपूरहून लिहून राहिलो. मुलांचा विषय निघाला तर हे बोललंच पाहिजे. आमच्याकडे विदर्भात सिकलसेल बराच आहे. माझ्या मोठ्या भावाचं लग्न झालं तेव्हा कुणी रक्त तपासलं नाही. भाऊ वाहक, वहिनीपण वाहक, दोघं एकदम ठणठणीत, कधी दवाखान्याचं तोंड बघितलं नाही. पोरगा सव्वा वर्षाचा असताना हातापायाची बोटं सुजली, रात्रभर रडला, तपासलं तर एसएस, म्हणजे वाहक नाही, आजारच. आता 11 वर्षांचा आहे, हिवाळ्यात त्याचे हातपाय असे दुखतात की वहिनी रात्रभर शेकत बसते.

दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के शक्यता असते, पहिलं मूल चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मी आधी स्वतःची तपासणी केली. सोल्युबिलिटी टेस्ट आधी होते, पण ती नुसतं आहे-नाही सांगते, वाहक की आजारी हे इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसीवर कळतं. सरकारी दवाखान्यात फुकट झाली. मी वाहक निघालो. होणाऱ्या बायकोला साखरपुड्याच्या चार दिवस आधी चहाच्या टपरीवर कागद दाखवला. ती दुसऱ्या दिवशी स्वतःहून जाऊन तपासून आली, ती वाहक नाही. त्या दिवशी तिच्या वडिलांनी माझ्याशी पहिल्यांदा मोकळं बोलणं केलं.

मुक्काम_मोशी

आणि दोघंही वाहक निघाले असते तर? लग्न मोडलं असतं?

वऱ्हाडी_माणूस

खरं सांगू, माहीत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की लग्न करता येतं, गरोदरपणात अकरा-बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन बाळाचं कळतं, मग निर्णय तुमचा. पण तो निर्णय घ्यायची तयारी दोघांची आहे का हे आधीच बोलावं लागलं असतं.

अबोली_२२

मी वाचतेय आणि मला भीती वाटतेय. माझं लग्न ठरलंय. सिबिल रिपोर्ट मागितला तर तो म्हणेल विश्वास नाही का. आईपण म्हणते एवढी चौकशी केलीस तर स्थळ जाईल.

कोकणकन्या७

त्याचा मागू नकोस, आधी तुझा दाखव. प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तू तुझा मोबाईलवर उघडून त्याच्या समोर ठेव, म्हण हे माझं शिक्षणाचं कर्ज, एवढे हप्ते राहिलेत. मग तो काय करतो ते बघ.

मुक्काम_मोशी

मला मात्र हे नाही पटत. पगार, कर्ज तोंडी सांगावं, कागद कशाला.

नाशिककर

तोंडी सांगताना माणूस खोटं बोलत नाही, विसरतो. क्रेडिट कार्डवरचं, जामीन राहिलेलं, भावाच्या नावावर घेतलेल्या गाडीचं. आणि अबोली, एक अजून. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत मूल हवं असेल आणि मधे नोकरी बदलायची असेल तर हे लक्षात ठेव, पगारी प्रसूती रजेसाठी प्रसूतीच्या आधीच्या 12 महिन्यांत त्या नोकरीत 80 दिवस काम झालेलं लागतं. माझ्या मेहुणीने गरोदर असताना सहाव्या महिन्यात नवीन कंपनी धरली, आणि दिवस मोजता मोजता घरच्यांचा जीव टांगणीला लागला होता.

घाटावरची

बहिणीने धागा वाचला. आज संध्याकाळी ती आणि तो आमच्याकडे जेवायला येतायत, दोघांनी आपापल्या पगाराच्या स्लिपा आणायचं ठरलंय. आरडीचा प्रयोग पुढच्या महिन्यापासून, तिच्या नाही, त्याच्या पगाराचा. मूल झाल्यावर तो थांबणार आहे असं तो म्हणाला. त्याच्या आईला अजून सांगितलेलं नाही.