ठकी उंबऱ्यावर मेलेला उंदीर का ठेवते? आजीचे पत्र नातीला तसेच वाचून दाखवावे का?

भवानी पेठ
आई सोलापूरच्या जुन्या घरात ठकी या मांजरीसोबत राहते, आम्ही पुण्यात असतो. दिवाळीत माझ्या आठ वर्षांच्या मुलीने उंबऱ्यावर मेलेला उंदीर पाहिला आणि तेव्हापासून तिचा एकच प्रश्न चालू आहे. आईने तिला पत्र लिहिले आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"चि. सई, अनेक आशीर्वाद. बाळ, ठकी दुष्ट नाही. ती आपली दूध-भाकरी खाते, त्याचे ऋण ती फेडते. आपल्याला शिकार येत नाही, आपण उपाशी राहू, असे तिला वाटते. मांजरी पिल्लांना उंदीर आणून देते, तसा ती मला देते. ज्वारीच्या पोत्यांपाशी रात्रभर बसते आणि पहाटे आपली भेट उंबऱ्यावर ठेवते. कधी मुंडके नसते, कधी अख्खा असतो. मी तिला रागावत नाही."

हे मुलीला तसेच वाचून दाखवावे, की खरे कारण वेगळे आहे?

बाळीवेसकर
आजींनी लिहिले आहे ते योग्यच आहे. पिल्ले महिनाभराची झाली की मांजरी त्यांच्यापुढे आधी मेलेला उंदीर ठेवते, पुढे अर्धमेला आणते आणि शेवटी जिवंत आणून सोडते, म्हणजे पिल्ले पकडायला शिकतात. आमच्या माळ्यावर मी हे स्वतः पाहिले आहे. आपण तिच्या दृष्टीने शिकार न येणारी पिल्लेच आहोत. मुलीला पत्र जसेच्या तसे वाचून दाखवावे.

अक्कलकोट रोड
आमचा बोका शस्त्रक्रिया करून नसबंदी केलेला आहे आणि तोही दाराशी उंदीर, पाली, एकदा तर चिमणी आणून ठेवतो. बोके पिल्लांना सहसा वाढवत नाहीत, मग तो कोणाला शिकवतो? बाळीवेसकर, आपले निरीक्षण मांजरीपुरते खरे असेल, पण त्यावरून आमच्या बोक्याचे वागणे उलगडत नाही.

कुंभारीकर
पोत्यांपर्यंत उंदीर येत असतील तर मांजरावर भिस्त ठेवू नये. दुकानात उंदरांच्या विषाच्या वड्या मिळतात, त्या कोपऱ्यांत ठेवाव्यात. आठवड्याभरात उंदीरही संपतील आणि उंबराही स्वच्छ राहील.

होटगीकर
पशुवैद्यकीय दवाखान्यात अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून आधी कुंभारीकरांना कळकळीने सांगतो की, ज्या घरात मांजर शिकार करते तेथे त्या वड्या ठेवू नयेत. त्यांतल्या ब्रोमाडायोलोनसारख्या औषधाने उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्त होऊन हिंडतो, त्यामुळे सहज पकडला जातो आणि विष मांजराच्या पोटात जाते. मांजर मलूल झाले, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून किंवा शौचातून रक्त आले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. या विषावर के-१ जीवनसत्त्वाचा उपचार आहे, पण तो वेळेत आणि काही आठवडे सलग द्यावा लागतो.

आता मूळ प्रश्न. मांजराची भूक आणि त्याची शिकार या दोन गोष्टी बऱ्याच अंशी वेगवेगळ्या चालतात. 1976 साली अॅडॅमेक या संशोधकाने मांजरांना आवडते खाणे दिले आणि ती खात असतानाच उंदीर सोडला. मांजरांनी खाणे सोडून उंदीर मारला, तो खाण्याच्या भांड्यापाशी आणला आणि पुन्हा पहिलेच खाणे खायला लागली. पोट भरलेल्या ठकीने उंदीर मारून न खाता ठेवणे यात म्हणूनच नवल नाही. ती तो घरी आणते, कारण घर ही तिची निर्धास्त जागा आहे. उघड्यावर शिकार घेऊन बसले तर दुसरे मांजर किंवा कुत्रे ती हिसकावते.

भेटीच्या कल्पनेला आणखी एक अडचण आहे. अमेरिकेतील जॉर्जियामध्ये 55 मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून केलेला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात शिकारीपैकी जवळपास निम्मी मांजरांनी मारल्या जागीच सोडली होती आणि घरी आणलेली पाव हिश्शाहूनही थोडी कमी होती. आपण फक्त उंबऱ्यावरचे पाहतो आणि त्यावरून तिचा हेतू ठरवतो.

भवानी पेठ, एक विचारतो. जे अख्खे सापडते त्याचे तोंड लांब आणि निमुळते असते का? त्याला उग्र वास येतो का?

भवानी पेठ
आईला फोन करून विचारले. अख्खे सापडते ते बहुतेक वेळा तसेच असते, डोळे बारीक आणि वास दोन दिवस जात नाही. मुंडके नसलेले मात्र साधे घरातले उंदीर असतात.

होटगीकर
मग निम्मे कोडे सुटले. ती चिचुंद्री आहे. ती उंदरांच्या कुळातली नाही, झुरळे आणि किडे खाणारा वेगळाच प्राणी आहे. भिंतीच्या कडेने पळताना तिची हालचाल मांजराला उंदरासारखीच वाटते, म्हणून ते झडप घालते. मात्र अंगच्या वासामुळे चिचुंद्री सहसा खाल्ली जात नाही. म्हणजे उंदीर ठकी निदान थोडा खाते आणि चिचुंद्री नुसती टाकून देते. आजींना जी भेट वाटते, तिच्यातली अख्खी वस्तू ही ठकीने नाकारलेली वस्तू आहे.

विजापूर वेस
होटगीकर सर, आपली माहिती मान्य करूनही मी आजींच्या बाजूने उभी आहे. आठ वर्षांच्या मुलीने रक्त पाहिले आहे आणि तिला भीती वाटते आहे ती ठकीची. ज्या मांजराला ती कुशीत घेऊन झोपते ते दुष्ट नाही, हे तिला आजीच्या तोंडून ऐकायचे आहे. तिला कॅमेऱ्यांचा अभ्यास सांगून ती भीती जाणार नाही. शिवाय मांजराच्या मनात काय असते हे आपल्यालाही नक्की कुठे कळले आहे?

होटगीकर
ताई, मनातले कळत नाही हे खरे आहे, आणि पिल्लांना भरवण्याच्या प्रेरणेचा यात काहीच भाग नाही असे मीही म्हणत नाही. नसबंदी झालेल्या, कधीच न व्यालेल्या मांजरीही घरी शिकार आणतात, त्यामुळे तो वाद संपलेला नाही. माझा आक्षेप "भेट" या एका शब्दावर आहे, आणि तो व्यवहाराचा आहे. भेट म्हटली की मूल ती हाताने उचलते. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा दुसरे शरीर शोधतात. आजींनी हातात प्लास्टिकची पिशवी घालून ते उचलावे, पिशवी उलटी करून बांधावी आणि फरशी जंतुनाशकाने पुसावी. केरसुणीने ओढत नेले तर घाण पसरते.

बाळीवेसकर
दूध-भाकरीऐवजी मांसाहार दिला तर हे थांबेल का? आजींचे घर शाकाहारी असावे असे वाटते.

होटगीकर
पूर्ण थांबणार नाही. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या 2021 सालच्या अभ्यासात, भरपूर मांस असलेले खाणे दिल्यावर घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी कमी झाली. रोज पाच-दहा मिनिटे दोरीला पीस बांधून खेळवल्यावर ती 25 टक्क्यांनी घटली. गळ्यातल्या घुंगराने फरक पडला नाही. शाकाहारी घरात मांस आणा असे मी सांगणार नाही, पण नुसत्या दूध-भाकरीवर मांजराला टॉरिन हे मांसातले पोषकद्रव्य मिळत नाही आणि त्याच्या अभावाने डोळे व हृदय बिघडते. ठकी उंदीर खाते तेच तिला तारते आहे. मांजरांसाठी तयार मिळणारे कोरडे खाद्य थोडे दिले तरी चालेल.

भवानी पेठ
आईशी सविस्तर बोललो. पत्रात तिने स्वतःच्या हाताने दोन ओळी वाढवल्या आहेत: "वास येणारी असते ती चिचुंद्री, ठकीला ती आवडत नाही. तू काहीही हाताने उचलायचे नाहीस, मला हाक मारायची." ऋण फेडण्याचे वाक्य काढायला मात्र ती तयार नाही. तिचे म्हणणे असे की, ज्वारी वाचते आहे, मग ठकीला काय वाटते याने हिशेब बदलत नाही. यावर होटगीकर सरांचे मत ऐकायला आवडेल.

होटगीकर
ज्वारीचा हिशेब आजींचा, त्यात मी पडत नाही. ते वाक्य राहू द्या, फक्त त्याच्या शेवटी "असे मला वाटते" एवढे त्यांनी जोडावे.

विजापूर वेस
मला हे पटत नाही. आजीचे पत्र दुरुस्त करण्याची गरजच नव्हती, उचलण्याची सूचना फोनवरही देता आली असती.