वर्कशीटमधला ‘क्षार’ : एकच शब्द, दोन अर्थ?

गृहपाठ
आम्ल, आम्लारी आणि क्षार यांच्या एका वर्कशीटमध्ये ‘क्षार’ हा शब्द दोनदा आलाय आणि दोन्हीकडे अर्थ वेगळा वाटतो. चौथ्या प्रश्नात ‘आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार व पाणी तयार होते’ असं वाक्य आहे. सातव्यात धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू, लाल लिटमसचा रंग आणि कारण विचारलंय. उत्तरसूची म्हणते : ‘सामू सुमारे ११.६, लिटमस निळा, कारण हा पदार्थ क्षार आहे.’ चौथ्यातला क्षार जर मिठासारखा पदार्थ असेल, तर सातव्यातलं कारण कारण कसं ठरतं?

नितळ
उत्तरसूची चुकली आहे. आम्ल आणि आम्लारी एकमेकांचा गुण घालवतात, म्हणून तर त्या क्रियेला उदासिनीकरण म्हणतात. त्यातून जो क्षार निघतो तो उदासीनच असणार : सामू ७, लाल लिटमस लाल, निळा निळाच. मिठाचं द्रावण घेऊन बघा. सोड्याचा सामू ११ च्या वर येत असेल तर बाटलीत कॉस्टिक सोडा असेल.

ब्युरेट
मिठापुरतं हे खरं आहे, सगळ्या क्षारांना लागू होत नाही. ‘उदासिनीकरण’ या नावामुळेच ही गफलत होते. आम्ल आणि आम्लारी पूर्ण संपले एवढंच ते नाव सांगतं. उरलेलं द्रावण ७ वर थांबेल याची हमी त्यात नाही.

धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. कागदावर त्याचे आईबाप सोडियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनिक आम्ल. पहिला तीव्र, दुसरं सौम्य. सौम्य आम्लातून आलेल्या कार्बोनेट आयनाला हायड्रोजन आयनाची ओढ असते. पाण्यात पडल्यावर तो पाण्याच्या रेणूकडून हायड्रोजन आयन घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड आयन उरतो. लिटमस निळा होतो तो या हायड्रॉक्साइडमुळे. सोडियम आयन नुसता बसून असतो.

करून बघायचं तर १.०६ ग्रॅम निर्जल सोडा पाण्यात विरघळवून द्रावण १०० मिलिलिटरपर्यंत भरा. हे ०.१ मोलर झालं, सामू ११.६ च्या आसपास येतो. ढेकळांसारखे पारदर्शक स्फटिक असतील तर त्यांत स्फटिकजल असतं आणि तेवढ्याच द्रावणाला २.८६ ग्रॅम लागतात. फेनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले की गडद गुलाबी. हा कॉस्टिक सोडा नाही हे ओळखायचं असेल तर थोड्या द्रावणात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालत जा. सुरुवातीला काही दिसणार नाही, कारण आधी बायकार्बोनेट तयार होतं. आणखी आम्ल गेलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. शुद्ध कॉस्टिक सोड्यात ते कधीच येत नाहीत.

म्हणजे उत्तरसूचीतला आकडा बरोबर, रंग बरोबर, कारण चूक.

अक्षरमाळ
कारण चूक म्हणण्याआधी शब्दाकडे बघू. हिंदीत क्षार म्हणजे बेस किंवा अल्कली, आणि सॉल्टला लवण. मराठी शालेय पुस्तकांत बेसला आम्लारी आणि सॉल्टला क्षार. हिंदी वर्कशीट मराठीत आणताना हा एक शब्द तसाच राहिला असावा, असा माझा अंदाज.

पण हिंदीतला अर्थ उपरा नाही. आयुर्वेदातला यवक्षार किंवा अपामार्गक्षार म्हणजे वनस्पती जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून मिळवलेला पदार्थ. त्याचा मुख्य भाग पोटॅशियम कार्बोनेट. अरबीतून आलेल्या ‘अल्कली’ शब्दाच्या मुळाशीही अशीच वनस्पतीची राख आहे. आता गंमत बघा : पोटॅशियम कार्बोनेट हा आजच्या मराठी अर्थानेही क्षार आणि जुन्या अर्थानेही क्षार. धुण्याचा सोडाही तसाच. त्या जुन्या शब्दाने एकाच पदार्थाचे दोन गुण धरले होते, पुढे दोन भाषांनी त्यातला एकेक उचलला.

‘आम्लारी’ मात्र मला फार आवडतो. आम्लाचा अरी, आम्लाचा शत्रू. अर्थ शब्दातच आहे.

काळी जमीन
मग आमच्या माती परीक्षणाचं काय? अहवालात ‘क्षार जास्त’ असा शेरा आहे आणि सामू ७.९. क्षार जास्त म्हणजे सामू ९-१० हवा ना? आकडा चुकलाय का?

ब्युरेट
आकडा चुकलेला नाही. तिथे क्षार म्हणजे विरघळणारे सगळे सॉल्ट, आणि ते सामूवरून मोजत नाहीत, विद्युत वाहकतेवरून मोजतात. संपृक्त अर्काची वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू ८.५ च्या खाली असेल तर जमीन क्षारयुक्त. त्यात बहुतेक क्लोराइड आणि सल्फेट असतात, ते सामू फारसा चढवत नाहीत. सामू ८.५ च्या वर जातो तो चोपण जमिनीत, तिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून अहवालातले दोन्ही रकाने सोबत वाचा. काही प्रयोगशाळा अर्काऐवजी एकास दोन किंवा अडीच प्रमाणात पाणी घालून वाहकता मोजतात, त्यांना ४ ची मर्यादा लागू नाही. पद्धत कोणती होती ते आधी विचारा.

गृहपाठ
आठव्या प्रश्नात अमोनियम क्लोराइड आहे. उत्तर ‘आम्लधर्मी, सामू सुमारे ५’. पण त्यात मिथिल ऑरेंज टाकलं तर पिवळं दिसतं. पिवळं म्हणजे आम्लारी असंच पाठ केलंय.

ब्युरेट
रंग बरोबर दिसतोय, पाठ केलेला नियम अपुरा आहे. मिथिल ऑरेंज ३.१ च्या खाली लाल आणि ४.४ च्या वर पिवळं. ०.१ मोलर अमोनियम क्लोराइडचा सामू ५.१, म्हणजे ते आम्लधर्मी असूनही पिवळं दिसणारच. हा दर्शक सात कुठे आहे ते सांगत नाही, साडेचारच्या वर आहात एवढंच सांगतो. फेनॉल्फ्थॅलिनचं याच्या उलट : ८.२ पर्यंत रंगहीन, म्हणून ‘रंगहीन म्हणजे आम्ल’ हेही चूक. इथे निळा लिटमस वापरा, तो हळूहळू लालसर होतो. ओल्या कागदाचा रंग लगेच वाचू नका, अर्धा मिनिट थांबा.

एक अडचण पाण्याची. उघड्या ठेवलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि त्याचा सामू ५.६ पर्यंत उतरतो. त्यात केलेलं मिठाचं द्रावण ७ दाखवत नाही आणि दोष मिठावर जातो. पाणी आधी उकळून, झाकून गार करा.

नितळ
माझं ‘क्षार म्हणजे ७’ हे तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्या जोडीपुरतंच खरं होतं, मान्य. पण मग अमोनियम ॲसिटेट? दोन्ही बाजू सौम्य, तरी सामू ७ च्या जवळ.

ब्युरेट
तिथे दोन्ही आयन पाण्याशी क्रिया करतात, आणि त्यांची ताकद जवळजवळ सारखी असल्याने तोल साधतो. तो या जोडीचा योगायोग आहे. अमोनियम कार्बोनेट घेतलं तर द्रावण आम्लारीधर्मी येतं.

सातव्याचं कारण असं लिहिलं तर गुण कापायला जागा राहणार नाही : ‘सोडियम कार्बोनेट हा तीव्र आम्लारी व सौम्य आम्ल यांचा क्षार आहे. पाण्यात त्याच्या कार्बोनेट आयनापासून हायड्रॉक्साइड आयन तयार होतात, म्हणून द्रावण आम्लारीधर्मी असते.’

अक्षरमाळ
मराठीतही सॉल्टला लवण म्हणावं आणि हा घोळ मिटवावा, असं मला वाटतं.

नितळ
लवण म्हटलं की कानाला मीठच ऐकू येतं. मग मोरचूद लवण आहे हे मुलांना कसं पटवणार?

अक्षरमाळ
आणि क्षार म्हटलं की काळी जमीन यांना सामू ९ दिसतो. दोन्हींत कमी त्रासाचा कोणता, यावर माझं मत अजून लवणाकडेच झुकतं.