चर्चा : 'लायनीत' की 'लाईनमध्ये'? परक्या शब्दांचं सामान्यरूप करायचं की नाही?

शाईडाग

मुद्रितशोधनाचं काम करते. हातात सध्या एक व्यवहारोपयोगी पुस्तक आहे. लेखकाने सगळीकडे 'फाईलमध्ये', 'लाईनमध्ये', 'टेबलवर', 'बसेस' लिहिलंय. मी 'फायलीत', 'लायनीत', 'टेबलावर' केलं. लेखक म्हणतात, ही बोलीतली गावंढळ रूपं आहेत, मूळ शब्द मोडू नका. माझं मत उलट आहे : मराठीत आलेला शब्द मराठीसारखाच चालला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं? आणि 'बसेस'चं काय करू?

घाटमाथा

लेखकाचं म्हणणं तुम्ही अजिबात मानू नका. 'फायलीत' हे गावंढळ नाही, उलट अतिशय नियमबद्ध रूप आहे. बघा, इंग्रजीत तो शब्द एका झटक्यात म्हटला जातो. मराठी कानाने त्याचे दोन तुकडे केले, फा आणि ईल. फाईल स्त्रीलिंगी ठरली, 'भिंत, भिंती'च्या गटात गेली, म्हणून पुढे ई लागली. आता 'फाईली' असं व्हायला हवं होतं, पण प्रत्ययाचा स्वर आला की मराठी त्याच्या आधीचा ई-ऊ आखडून टाकते. पाऊस, पावसात. देऊळ, देवळात. तिथे ऊचा व् होतो, इथे ईचा य् होतो, एवढाच फरक. फायली, लायनीत, सायटीवर, पायपातून, टायमाला. हे शब्द कुणी शिकवले नाहीत. साइटवरचा मुकादमही 'पायपातून' म्हणतो तेव्हा तो 'पावसातून'चाच नियम चालवत असतो. याला मोडणं कसं म्हणायचं?

तिकीट घ्या, पोलीस घ्या. मराठीच्या सवयीने शेवटून दुसरा स्वर दीर्घ झाला आणि प्रत्यय लागताच ऱ्हस्व : तिकिटाला, पोलिसांना. वकील-वकिलाला, जमीन-जमिनीत हे अरबी-फारसी शब्द याच वाटेने गेले. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२चे, नंतर १९७२ची भर. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक 'वकिलाला' म्हणत होते.

निळी_पेन्सिल

घाटमाथा, ध्वनीचं पटलं. पण 'फाईलमध्ये' चूक कसं? 'मध्ये' हा विभक्तीचा प्रत्यय नाही, शब्दयोगी अव्यय आहे. सामान्यरूप प्रत्ययाआधी करायचं. म्हणून 'फाईलमध्ये' व्याकरणात बसतं आणि लेखक तांत्रिकदृष्ट्या बरोबर ठरतात.

घाटमाथा

नाही. शब्दयोगी अव्ययाआधीही सामान्यरूप होतंच. 'घरामध्ये' म्हणता ना, 'घरमध्ये' नाही. 'झाडाखाली', 'झाडखाली' नाही. तेव्हा 'फाईलमध्ये'ची सोय 'मध्ये'मुळे झालेली नाही. तिथे शब्दच जसाच्या तसा ठेवलेला आहे.

सावंतवाडी_लोकल

माझा प्रश्न वेगळा आहे. एवढी खटपट करण्यापेक्षा सरळ 'रांगेत' लिहा ना! मराठीत चांगले शब्द असताना लाईन, फाईल कशाला? सावरकरांनी 'दिनांक', 'महापौर' दिले, ते रुळलेच की.

शाईडाग

दादा, पर्यायी शब्दाचा प्रश्न मोठा आहे, पण माझ्यापुढचा हा नाही. पुस्तक कार्यालयीन कामाबद्दल आहे आणि लेखकाला 'फाईल' हाच शब्द हवाय. तो ठेवल्यावर तो चालवायचा कसा, एवढंच मला ठरवायचंय.

मांडवी

पोर्तुगिजांकडून आलेल्या शब्दांत तर काही शंकाच राहत नाही, म्हणून लिहिते. तिथे 'बटाटा' हा शब्द स्त्रीलिंगी आहे, कारण शेवटी 'आ' आला की त्यांच्याकडे बहुधा स्त्रीलिंग. आपल्याकडे आ म्हटलं की आंबा, घोडा. म्हणून बटाटा पुल्लिंगी झाला आणि 'आंब्याची कोय' तशी 'बटाट्याची भाजी'. मूळ भाषेचं लिंग कुणी विचारलं नाही. 'साबण'च्या शेवटचा ण पाहा : मूळ शब्दाच्या शेवटी नाकातून म्हटला जाणारा स्वर होता, तो मराठीला नको होता. त्याच प्रकारचं शेपूट 'पाव' आणि 'लिलाव'मध्ये 'व' होऊन बसलंय. आज कुणी 'साबणने' म्हणालं तर कानाला खटकतं. शंभर वर्षांनी 'फाईलने'सुद्धा खटकेल.

अनुनासिक

मी लेखकाच्या बाजूने बोलतो, पण त्यांच्या कारणाने नाही. 'मूळ शब्द मोडू नका' हे चुकीचंच आहे. मात्र शब्द जसाच्या तसा ठेवणं ही इंग्रजीची लागण आहे, असं जे इथे गृहीत धरलंय तेही बरोबर नाही. ही पद्धत मराठीच्या घरचीच आहे.

गावांची नावं बघा. 'कोल्हापूरला गेलो', पण 'कोल्हापुरात राहतो'. 'कोल्हापुराला गेलो' हे आज सहसा कुणी म्हणत नाही, आणि 'कोल्हापूरत' तर जिभेवर येतच नाही. माणसांची नावं घ्या : 'सचिनला', 'विजयने'. विशेषनाम 'ला', 'ने', 'चा' यांच्यापुढे जसंच्या तसं उभं राहतं, ही मराठीची मुभा आहे. नवा परका शब्द याच दाराने आत येतो. पहिल्यांदा आपण त्याला नावासारखं वागवतो : ऑफिसला, ऑफिसने. ओळख वाढली की तो साध्या नामासारखा वाकतो : ऑफिसात.

आता 'मध्ये'चं कोडं. 'त' हा प्रत्यय नुसत्या व्यंजनाचा आहे, त्याला टेकायला स्वर हवा. 'ऑफिसत' म्हणायला गेलात तर शेवटी 'स्त' उरतो. 'ला' आणि 'ने' यांना स्वतःचा स्वर आहे, म्हणून 'ऑफिसला' चालतं. ज्याला शब्द वाकवायचा नाही, त्याला 'त' वापरताच येत नाही. तो 'मध्ये' घेतो, नाइलाजाने. पडताळा हवा असेल तर स्वरान्त शब्द बघा : फोटोत, मेट्रोत, टॅक्सीत. शब्दाला हात न लावता 'त' आरामात लागतो. 'मेट्रोमध्ये' म्हणायची गरज पडत नाही.

घाटमाथा

हे फार चांगलं दाखवलंत. कोल्हापूरचं उदाहरण माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तरी एक आडवा प्रश्न. 'बँक'ही व्यंजनान्तच आहे. अगदी इंग्रजी माध्यमातला मुलगाही 'बँकेत' म्हणतो, 'बँकमध्ये' नाही. तुमच्या दाराने 'बँक' कधीचीच आत आली, मग 'बस' आणि 'कार' बाहेर का ताटकळल्या?

अनुनासिक

'बस'चं एक कारण उघड दिसतं. मराठीत व्यंजनान्त स्त्रीलिंगी शब्दाला अनेकवचनाच्या मुख्य वाटा दोन. 'भिंती'सारखं केलं की स चा श होतो, जसं म्हैस-म्हशी, नोटीस-नोटिशीत. म्हणजे 'बशी', आणि ती चहाची. 'विटा'सारखं केलं तर 'बसा', ते क्रियापद. दोन्ही दारं आधीच अडलेली. म्हणून कोणी 'बसगाड्या' म्हणतं, कोणी इंग्रजीचं अनेकवचन उचलून 'बसेस'. 'बशीत बसलो' कुणाला म्हणवत नाही.

निळी_पेन्सिल

मग 'कार'चं काय? 'कारी', 'कारीत' यांची कशाशी गल्लत होत नाही, तरी कुणी म्हणत नाही. आणि तिच्याच जातीची 'मोटार' मात्र 'मोटारीत', 'मोटारी' अशी छान चालते.

अनुनासिक

'कार'चं उत्तर माझ्याकडे नाही. 'मोटार' आधी आली, छापील मराठीतून रुळली, हा भाग असावा. पण फक्त वय मोजून चालत नाही. मोबाईल अगदी अलीकडचा, तरी 'मोबायलात' सर्रास ऐकू येतं. मला वाटतं, बोलणाऱ्याला इंग्रजी उच्चार किती जवळचा आहे यावर बरंच अवलंबून आहे. ज्याच्या तोंडात 'लाइन' एकाच झटक्यात येते, त्याच्याकडे आखडायला वेगळी ई उरतच नाही. त्याला 'लायनीत' परकं वाटणारच. शाईडागताईंचे लेखक बहुधा त्या गटातले.

मांडवी

म्हणजे 'गावंढळ' हा शब्द त्यांनी उच्चाराच्या फरकाला दिलेलं नाव आहे. हे मात्र मला मनापासून लागतं. ज्याने शब्द पूर्ण आपलासा केला, त्यालाच अडाणी ठरवायचं.

शाईडाग

आभार. 'कोल्हापूरला / कोल्हापुरात' लेखकांना दाखवणार आहे. कामापुरतं असं ठरवते : 'त' लावून मोठ्याने म्हणून बघायचं. 'फायलीत', 'बँकेत', 'हॉटेलात' सहज येतात, ती वाकवलेली ठेवायची. 'बस'ला हात लावायचा नाही, अनेकवचन 'बसगाड्या'. पण एकाच प्रकरणात 'टेबलावर' आणि 'टेबलवर' दोन्ही राहू द्यायचे नाहीत.

अनुनासिक

चालेल. एक भर घालतो : 'फाइल्स आल्या', 'नव्या फाइल्स' हे लेखक लिहितातच ना? इंग्रजी अनेकवचन घेतलं तरी 'आल्या' आणि 'नव्या' यांना स्त्रीलिंग ठरवावंच लागलं. शब्द वाकवायचा नाही असं ठरवणाऱ्यालाही लिंग चुकवता येत नाही, कारण ते क्रियापद आणि विशेषण मागतं. लेखकांशी बोलताना सुरुवात इथून करा. ते मराठीचा एक नियम आधीच पाळताहेत.

घाटमाथा

'टेबलवर' एकवेळ सोडून देता येईल, 'वर'ला कोल्हापूरची मुभा लागू पडते. पण 'फाईलमध्ये' मी कापलंच असतं. 'फायलीत' असताना एक अक्षर जास्त कशाला?

सावंतवाडी_लोकल

बरं, मग आमच्या सोसायटीच्या नोटिशीतलं सांगा. 'लिफ्टमध्ये सामान नेऊ नये' असं लावलंय. 'लिफ्टीत' करायचं का?

निळी_पेन्सिल

'लिफ्टीत' मी कधी ऐकलं नाही.

मांडवी

मी ऐकलंय, इमारतीत झाडलोट करायला येणाऱ्या मावशींच्या तोंडून. 'नोटिशीतलं' तुम्ही आत्ता न अडखळता लिहिलंत, तसंच त्या 'लिफ्टीत' म्हणतात.